सहा महिने कपाटात पडलेला लॅपटॉप: एकही लाइट लागत नाही तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं

समजा, नागपूरच्या मानेवाड्यातली एक मुलगी फेब्रुवारीत नोकरीसाठी पुण्याला गेली. कंपनीने नवा लॅपटॉप दिला, म्हणून कॉलेजचा जुना घरीच राहिला. शेवटी बंद केला तेव्हा बॅटरी 4 टक्के होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत लोखंडी गोदरेजच्या कपाटात तो सहा महिने पडून होता. ऑगस्टमध्ये धाकट्या भावाला अभ्यासासाठी हवा म्हणून काढला, चार्जर लावला, बटण दाबलं, तर काहीच नाही. चार्जिंगचा लाइट नाही, पंख्याचा आवाज नाही, स्क्रीनवर साधी चमकही नाही. दुकानात फोनवर विचारलं तर उत्तर आलं, ‘बोर्ड गेला असेल.’

बोर्ड गेलाही असेल. पण धडधडीत चालू असलेला लॅपटॉप नीट बंद करून ठेवला, मधे पाणी सांडलं नाही, पडला नाही आणि तरी तो मृत दिसतो, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर घ्यायला हवा. बिघाड बोर्डात आहे की बॅटरीत, हे एका छोट्या तपासणीने कळतं. ती करण्याआधी बोर्डाच्या दुरुस्तीचे पैसे मोजायला तयार होऊ नये.

लॅपटॉपच्या बॅटरीला आपण एक वस्तू समजतो, पण आत एकामागे एक जोडलेले दोन ते चार लिथियम सेल आणि एक छोटी सर्किटची पट्टी असते. आपल्या उदाहरणातला पॅक तीन सेलचा, 11.4 व्होल्ट, 42 वॉट-तासांचा आहे. पूर्ण भरलेला सेल साधारण 4.2 ते 4.4 व्होल्टवर असतो आणि लॅपटॉप ‘0 टक्के’ म्हणतो तेव्हा 3 व्होल्टच्या आसपास. म्हणजे शून्य दाखवतानाही सेल अगदी रिकामा नसतो. खाली थोडी राखीव जागा मुद्दाम सोडलेली असते, कारण त्याखाली गेलं की सेल खराब व्हायला लागतो.

आता त्या राखीव जागेच्या वर उरलेले 4 टक्के किती दिवस पुरतात ते बघू. 42 वॉट-तासांचे 4 टक्के म्हणजे 1.68 वॉट-तास. बंद लॅपटॉपही थोडी वीज खातच असतो. पॉवर बटण दाबलं गेलं का हे बघणारी एक चिप सतत जागी असते आणि घड्याळही चालू असतं. हा खर्च मॉडेलगणिक बदलतो. समजा तो फक्त 5 मिलिवॅट आहे. दिवसाला 0.12 वॉट-तास गेले, म्हणजे 14 दिवसांत ते 4 टक्के संपले. फेब्रुवारीत ठेवलेला लॅपटॉप मार्च उजाडण्याच्या सुमारास शून्यावर आला. बंद असताना यूएसबीतून मोबाइल चार्ज करण्याची सोय चालू असेल, तर त्याहीआधी.

त्यानंतर सेलचा व्होल्टेज फार लवकर घसरतो, कारण 3 व्होल्टखाली साठाच नगण्य उरलेला असतो. साधारण 2.5 व्होल्टच्या आसपास पॅकमधली पट्टी बाहेरची वाट बंद करते. ही सेलला वाचवण्याची सोय आहे. पण ती पट्टी स्वतः त्याच सेलवर जगते. तिने शंभर मायक्रोअँपिअर घेतले तरी महिन्याला 72 मिलिअँपिअर-तास होतात, आणि अशा पॅकची पूर्ण क्षमताच 3700 च्या आसपास असते. वर सेलची स्वतःची गळती आहे, जी उष्णतेने वाढते. नागपुरात एप्रिल-मे म्हणजे 45 अंशांच्या आसपासचा पारा. त्यात स्लॅबखालची खोली आणि बंद लोखंडी कपाट. मे अखेरचा नवतपा उलटेपर्यंत त्या पॅकने खूप सोसलेलं असतं.

शेवटी पट्टीवरची चिप उरलंसुरलं वाचवण्यासाठी स्वतःलाच बंद करून घेते. सगळी गोची इथून सुरू होते. लॅपटॉपमधलं चार्जिंगचं सर्किट बॅटरीत वीज घालण्याआधी तिला विचारतं: तू कोण, किती व्होल्टवर आहेस, तापमान काय? ही विचारपूस दोन बारीक तारांवरून होते. चिप झोपलेली असल्यामुळे उत्तर येत नाही. उत्तर नाही म्हणून लॅपटॉप वीज देत नाही, आणि वीज नाही म्हणून चिप जागी होत नाही. बरेच उत्पादक यातून वाट काढतात. उत्तर नसलं तरी लॅपटॉप थोडा वेळ अगदी बारीक प्रवाह देऊन बघतो. चिप जागी झाली तर सेल 3 व्होल्टच्या आसपास येईपर्यंत तो मंद प्रवाहच चालू ठेवतो आणि मगच नेहमीचं चार्जिंग सुरू करतो. या मंद टप्प्यात काही मॉडेलांमध्ये एकही लाइट लागत नाही. म्हणजे काम चालू असतं आणि माणूस पाच मिनिटांत निराश होऊन चार्जर काढतो.

पण बॅटरी कितीही मेली तरी चार्जरवर लॅपटॉप चालू व्हायला काय हरकत आहे? गोल किंवा चौकोनी पिनच्या चार्जरवर खरं तर हरकत नसते. चार्जरचे 19 किंवा 19.5 व्होल्ट बोर्डाला थेट मिळतात. तरीही तो निपचित राहतो, तेव्हा तीनपैकी एक कारण असू शकतं. चार्जर किंवा त्याचा जॅक काम करत नसेल. बटणावर पहारा देणारी चिप अर्धवट अवस्थेत अडकली असेल, कारण बॅटरीचा व्होल्टेज झटकन न जाता रेंगाळत खाली गेला आणि चिप धड बंदही झाली नाही, धड चालूही राहिली नाही. किंवा बॅटरीमुळे वा बोर्डावरच्या एखाद्या भागामुळे बोर्डाला मिळणारा व्होल्टेज खाली ओढला जात असेल. आता हीच कारणं एकेक करून बाद करायची.

सुरुवात चार्जरपासून. भिंतीतल्या ज्या सॉकेटवर मोबाइल चार्ज होतो त्यातच तो लावा, जुन्या एक्स्टेंशन बोर्डात नको. चार्जरला स्वतःचा लाइट असेल तर पिन लॅपटॉपमध्ये घालताना त्याच्याकडे बघा. पिन घालताच लाइट विझला किंवा लुकलुकायला लागला, तर लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतो आहे. हा फार बोलका पुरावा आहे, दुकानात गेल्यावर आवर्जून सांगा. मल्टिमीटर असेल तर डीसी 200 व्होल्टच्या रेंजवर पिन मोजा. आतली बाजू धन, बाहेरची ऋण, आणि आकडा चार्जरवर छापलेल्या आकड्याच्या अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. काही कंपन्यांच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी तार असते. ती ओळख पटवण्यासाठी असते, तिथे मोजू नका. मोजताना दोन टोकं एकमेकांना लागली तर शॉर्ट होतो, म्हणून हात स्थिर ठेवा. आणि हे लक्षात असू द्या की मोकळ्या चार्जरवर 19.5 आले तरी भार पडल्यावर तो कोसळू शकतो. त्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा, त्याच पिनचा दुसरा चार्जर शेजारी मिळाला तर तो लावून बघणं ही सगळ्यात खात्रीची तपासणी.

जॅकमध्येही टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात, आणि उन्हाळाभर कूलरच्या ओल्या हवेत राहिलेल्या लॅपटॉपच्या जॅकमध्ये हिरवट थर धरलेला दिसतो. दिसला तर बोर्डावरही गंज असण्याची शक्यता वाढते.

चार्जर ठीक असेल तर तो काढा आणि पॉवर बटण 30 ते 60 सेकंद सलग दाबून धरा. याने बोर्डावरच्या कपॅसिटरमधली उरलेली वीज संपते आणि ती अडकलेली चिप नव्याने सुरू व्हायला मोकळी होते. मग चार्जर लावा, पण बटण लगेच दाबू नका. लॅपटॉप कडक टेबलावर, उघड्या जागी ठेवा आणि एक तास तसाच राहू द्या. एका तासात काहीच झालं नाही तर आणखी एक तास द्या. या काळात घरात जागं माणूस असावं, रात्रभर लावून झोपू नये. खाली हात लावून बघत जा. किंचित कोमट लागणं ठीक, एका जागी चटका बसेल इतकं गरम झालं तर चार्जर काढा.

इथे नागपूरकरांसाठी एक खास अडचण आहे. बहुतेक पॅक सेलचं तापमान 45 अंशांच्या आसपास गेलं की चार्जिंग नाकारतात, कारण गरम सेल भरणं धोक्याचं असतं. मे महिन्यात दुपारी दोनला वरच्या मजल्यावर हा प्रयोग केला, तर चांगली बॅटरीसुद्धा हलणार नाही. कपाटातून काढलेला लॅपटॉप आधी दोन-तीन तास खालच्या थंड खोलीत पंख्याखाली ठेवा आणि पहाटे किंवा रात्री लावा. फ्रिजमध्ये मात्र कधीही ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी साचतं.

टाइप-सीने चार्ज होणाऱ्या लॅपटॉपचं थोडं वेगळं आहे. तिथे चार्जर सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट देतो. लॅपटॉपने मागणी केली की मग 20 व्होल्टवर जातो. बॅटरी पूर्ण मेलेली असताना ही मागणी करणारी चिप त्याच 5 व्होल्टवर जागी व्हावी लागते. ती सोय आत असते, पण मोबाइलच्या 15 किंवा 18 वॉटच्या चार्जरवर पुढचं गाडं अडतं. कंपनीचा मूळचा 45 किंवा 65 वॉटचा चार्जर आणि त्याचीच केबल वापरा. दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्हीत लावून बघा, प्लग उलटा करूनही बघा, कारण एका बाजूच्या पिना खराब असू शकतात. वॉट दाखवणारा छोटा यूएसबी मीटर मधे लावला तर कोडं पटकन सुटतं. 5 व्होल्टवरच अडकला तर बोलणी झालेली नाहीत. 20 व्होल्टवर थोडे मिलिअँपिअर दिसले तर बोर्ड जागा आहे.

दोन तासांनंतरही हालचाल नसेल तर बॅटरी वेगळी करून बघायची. वॉरंटी शिल्लक असेल तर इथे थांबा आणि सर्व्हिस सेंटरला द्या. नसेल तर चार्जर काढा, लॅपटॉप पालथा करा आणि खालचे स्क्रू काढा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर मागच्या बाजूचं चित्र काढून त्या-त्या जागी स्क्रू चिकटपट्टीने लावून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला की तो बोर्डात किंवा बॅटरीत घुसतो. झाकण जुन्या प्लास्टिक कार्डाने कडेकडेने मोकळं करा. आधी बॅटरीकडे नीट बघा. ती उशीसारखी फुगलेली असेल, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येत असेल किंवा झाकण आतून ढकललं गेलेलं असेल, तर तिला पुन्हा चार्ज करण्याचा विचार तिथेच संपला.

फुगलेली नसेल तर बॅटरीचा कनेक्टर बोर्डापासून नखाने किंवा प्लास्टिकच्या काडीने हळूच सोडवा. धातूचं काही वापरू नका आणि तारा धरून ओढू नका. बॅटरी जागेवरच राहू द्या. आता झाकण अलगद ठेवून फक्त चार्जर लावा आणि बटण एकदा दाबून दोन मिनिटं वाट बघा. बराच काळ वीज नसलेला लॅपटॉप पहिल्यांदा रॅमची तपासणी पुन्हा करतो, त्यामुळे स्क्रीन यायला नेहमीपेक्षा वेळ लागतो. काळी स्क्रीन बघून सारखं बटण दाबत राहिलं तर ती तपासणी दरवेळी मधेच तुटते.

आपल्या उदाहरणात तो इथे चालू होतो. स्क्रीन आली, तारीख काही वर्षं मागची दिसली. तारीख चुकली म्हणजे घड्याळाचा बटण-सेलही उतरला आहे. मुख्य बॅटरी जिवंत असताना घड्याळ तिच्यावरच चालतं, ती मेली की सगळा भार 3 व्होल्टच्या त्या छोट्या सेलवर येतो. तो सीआर2032 जातीचा असेल तर बदलणं किरकोळ काम आहे. बऱ्याच नव्या मॉडेलांत तो वेगळा नसतोच. मुख्य गोष्ट मात्र सिद्ध झाली: बोर्ड चांगला आहे, दोष बॅटरीत आहे. गोल पिनच्या लॅपटॉपसाठी हा निकाल पक्का समजा. टाइप-सीची काही मॉडेलं बॅटरीशिवाय मुळात सुरूच होत नाहीत, त्यामुळे तिथे ‘चालू झाला नाही’ याचा अर्थ बोर्ड गेला असा लगेच घेऊ नये.

आता लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बटण पुन्हा 30 सेकंद धरा आणि मग कनेक्टर बसवा. चार्जर लावलेला असताना बॅटरी जोडायची नाही. त्यानंतर चार्जर लावून परत एक-दोन तास द्या. बोर्ड पूर्ण बंद होऊन पुन्हा उठला असल्यामुळे बॅटरीची विचारपूस नव्याने होते, आणि मघाशी झोपलेला पॅक या खेपेला कधी कधी जागा होतो.

मल्टिमीटरचा एक सापळा इथे आहे. सुटी केलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर 0 व्होल्ट दिसले म्हणून ‘सेल गेले’ असं म्हणता येत नाही. पट्टीने वाट बंद केली असेल तर आत 8 व्होल्ट असूनही बाहेर शून्य दिसेल. काही पॅक तर लॅपटॉपला जोडल्याशिवाय बाहेर व्होल्टेज देतच नाहीत.

पॅक जागा झाला आणि टक्के चढायला लागले तरी लगेच भरवसा ठेवू नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

कमांड ज्या फोल्डरमध्ये चालवली तिथे battery-report.html ही फाइल तयार होते, नेमकी जागा स्क्रीनवर लिहून येते. तीत DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे शोधा. पहिला नवी असतानाचा, दुसरा आजचा. 42,000 पैकी 30,000 उरले असतील तर बॅटरी साधारण 71 टक्के शिल्लक आहे. पण दुसरा आकडा पॅकने स्वतः लावलेला अंदाज असतो, आणि सहा महिन्यांच्या झोपेनंतर तो जुनाच असतो. एकदा पूर्ण भरून, वापरून जवळजवळ रिकामी करून, पुन्हा भरल्यावर जो आकडा येईल तोच धरा. त्यानंतर 100 टक्के भरून लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि 24 तासांनी चालू करून बघा. दोन-तीन टक्के कमी झाले तर ठीक. दहा-पंधरा टक्के गळाले, किंवा वापरताना 40 टक्क्यांवरून एकदम बंद पडला, तर आतला एखादा सेल खराब झाला आहे.

त्यामागचं कारण समजलं तर पुढचा इशारा पटेल. सेल 2 व्होल्टच्या बऱ्याच खाली दीर्घकाळ राहिला की आतल्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज केल्यावर तेच तांबं नको तिथे जमून बसतं आणि सेलच्या दोन बाजूंना आतून जोडू शकतं. अशी बॅटरी आज चालते, उद्या चार्ज होताना तापते. म्हणूनच पॅकमधली पट्टी काही वेळा फार खाली गेलेल्या सेलला कायमचं नाकारते, तर काही पॅकमध्ये ती मुद्दाम फ्यूजच जाळते. हे नाकारणं बिघाड नसून शहाणपणा आहे. पॅक फोडून सेलला बाहेरून थेट वीज देऊन तो ‘उठवून देतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. तशी बॅटरी चालू होते खरी, पण मग ती मांडीवर, अंथरुणावर, मुलांच्या शेजारी तासन्‌तास चार्ज होत राहते.

बॅटरी काढूनही लॅपटॉप हलला नाही, तर दुकानात नेणं योग्य. नागपुरात बर्डीवर दुरुस्तीची दुकानं भरपूर आहेत. तिथे एकच विनंती करा: बॅटरी काढून, डीसी सप्लायवर 19 व्होल्ट देऊन किती अँपिअर घेतो ते समोर दाखवा. आकडा अगदी 0.00 राहिला तर वीज आतच शिरत नाही. जॅक, फ्यूज किंवा प्रवेशाजवळ वीज चालू-बंद करणारे मॉसफेट बघावे लागतील. बटण न दाबताच आकडा उसळला आणि सप्लायने हात टेकले तर शॉर्ट आहे, बहुतेक वेळा एखादा कपॅसिटर. 0.01 ते 0.05 च्या आसपास स्थिर राहून बटण दाबल्यावर वर चढला तर बोर्ड उठतो आहे, मग दोष पुढे रॅम, बायोस किंवा स्क्रीनकडे शोधायचा. आकडा वर चढलाच नाही तर पहारा देणारी चिप किंवा बटणाची लाइन. हे पाच मिनिटांचं काम आहे. जो कारागीर ते दाखवून बोलतो त्याच्या ‘बोर्ड गेला’ला अर्थ आहे.

नवी बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर न जाता जुन्या पॅकवर छापलेला पार्ट नंबर जुळवा. व्होल्टेजही जुळायला हवा. 11.1 आणि 11.4 मध्ये किंवा 14.8 आणि 15.2 मध्ये सेलची संख्या तीच असली तरी सेलची जात वेगळी असते, म्हणून अदलाबदल टाळा. तीन सेलच्या जागी चार सेलचा पॅक तर नकोच. आणि बनवल्याची तारीख वाचा. दोन वर्षं दुकानाच्या माळ्यावर, तेही दोन उन्हाळे पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरी कपाटातल्या बॅटरीच्याच वाटेने गेलेली असते. आणल्यावर बॅटरी रिपोर्टची आणि 24 तासांच्या गळतीची, अशा दोन्ही तपासण्या पहिल्या आठवड्यातच करा, म्हणजे बदलून मागता येते.

लॅपटॉप पुन्हा काही महिने ठेवायचा झाला तर 50 ते 60 टक्क्यांवर आणून शटडाउन करा, स्लीपमध्ये ठेवू नका. बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती तोडण्याची सोय काही मॉडेलांत असते, असेल तर वापरा. चार्जर लावला की ती आपोआप पुन्हा जोडली जाते. खालच्या मजल्यावरची भिंतीतली सावलीची जागा निवडा आणि दर तीन महिन्यांनी घरातल्या कुणालातरी भरायला सांगा.

जुन्या पॅकच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावा, तो मोडू किंवा टोचू नका. फुगलेला असेल तर कोरड्या वाळूच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, सावलीत ठेवा. महापालिकेच्या कचरागाडीत टाकू नका, तिथे तो दाबला जाऊन पेटू शकतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून नवी घेताना जुनी परत घेता का हे दुकानात आधीच विचारा.